बायोसला हात कधी लावायचा?

संगणक दुरुस्तीच्या दुकानात बायोस अपडेटचा विषय काढला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: चालतंय ना, मग हात लावू नका. ऐकायला हे आळशीपणाचं वाटतं, पण बहुतेक वेळा हा सल्ला बरोबर असतो. बायोस हा मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेला प्रोग्राम. आपण बटण दाबल्यापासून विंडोज सुरू होईपर्यंत प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि पंखे यांना कामाला लावतो तो हाच. त्याच्या आजच्या रूपाला यूईएफआय म्हणतात, पण दुकानात आणि घरात सगळे बायोसच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो. विंडोजचं अपडेट बिघडलं तर विंडोज पुन्हा टाकता येतं. बायोसचं अपडेट अर्ध्यावर तुटलं तर ते पुन्हा टाकण्यासाठी संगणक सुरूच होत नाही, आणि दुकानदाराची सगळी भीती या एका गोष्टीत आहे.

मात्र २०२४ साली असा प्रसंग आला की ज्यांनी हात लावला नाही, त्यांचंच नुकसान झालं. तो प्रसंग नीट समजून घेतला तर अपडेट कधी करायचं हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

इंटेलने डेस्कटॉपसाठी १३व्या पिढीचे प्रोसेसर २०२२च्या ऑक्टोबरात आणि १४व्या पिढीचे २०२३च्या ऑक्टोबरात बाजारात आणले. काही काळाने कोअर आय-९ आणि आय-७ या महागड्या प्रोसेसरांबद्दल विचित्र तक्रारी यायला लागल्या. काही खेळ सुरू होता होता बंद पडायचे आणि पडद्यावर हा संदेश यायचा:

```
Out of video memory trying to allocate a rendering resource
```

हा संदेश वाचून कोणीही ग्राफिक्स कार्डालाच दोष देणार. लोकांनी कार्डं बदलून पाहिली, ड्रायव्हर पुन्हा टाकले, तरी संदेश येतच राहिला. काहींना ड्रायव्हर टाकतानाच अडचण यायची, कारण इन्स्टॉलरची आवळून ठेवलेली मोठी फाइल उलगडताना हिशेब चुकायचा. दोष प्रोसेसरमध्ये होता.

प्रोसेसर स्वतःला किती व्होल्टेज हवं ते बोर्डाकडे मागत असतो आणि ही मागणी दर क्षणाला बदलते. या प्रोसेसरांमध्ये काही परिस्थितींत मागणी गरजेपेक्षा जास्त जात होती. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आल्यामुळे प्रोसेसरच्या आतला घड्याळाचा ठेका पोचवणारा भाग अकाली झिजत होता. झिजलेल्या भागाला आधी पुरत असलेलं व्होल्टेज पुरेनासं होतं. मग जड काम आलं की उत्तर चुकतं आणि प्रोग्राम कोसळतो. इंटेलने या दोषाला ‘व्हीमिन शिफ्ट’ असं नाव दिलं. सुरळीत चालण्यासाठी लागणारं किमान व्होल्टेज वर सरकतं, एवढाच त्याचा अर्थ.

यावरचा उपाय आला तो मायक्रोकोडच्या रूपात. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरने आतल्या आत कसं वागावं याच्या दुरुस्त्यांचा एक छोटा संच. वीज बंद झाली की प्रोसेसर तो विसरतो, त्यामुळे दर वेळी संगणक सुरू होताना बायोसला तो नव्याने द्यावा लागतो. म्हणून हा उपाय घरोघरी पोचण्याचा मुख्य रस्ता बायोस अपडेट हाच होता. २०२४च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 0x129 या आवृत्तीने मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाणं रोखलं. सप्टेंबरमधल्या 0x12B ने संगणक जवळपास रिकामा बसलेला असताना होणारी जादा मागणी आवरली. २०२५च्या मे महिन्यात आलेली 0x12F ही आवृत्ती दिवसचे दिवस हलक्या कामावर चालू राहणाऱ्या संगणकांसाठी होती.

महत्त्वाचं हे की मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. ऑगस्टमध्येच बायोस अपडेट केलेल्या माणसाचा प्रोसेसर बहुधा वाचला. खेळ कोसळायला लागेपर्यंत थांबलेल्याला वॉरंटीत प्रोसेसर बदलून घेण्यावाचून मार्ग उरला नाही. इंटेलने डबाबंद विकल्या गेलेल्या या प्रोसेसरांची वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली ती याच कारणाने. इथे अपडेट न करण्याचा धोका वीज जाण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा होता आणि तो रोज थोडा थोडा वाढत होता.

तुमच्याकडे या दोन पिढ्यांपैकी ६५ वॉट किंवा त्याहून मोठा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर बायोसच्या माहितीच्या पडद्यावर किंवा एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये मायक्रोकोडची आवृत्ती पाहा. हे आकडे सोळाच्या मोजणीतले आहेत. ९ नंतर A, मग B आणि शेवटी F येतो, म्हणून 0x12B ही 0x129 च्या नंतरची आवृत्ती. या पिढ्यांच्या लॅपटॉपना हा दोष नाही, असं इंटेलचं म्हणणं आहे.

आता या उदाहरणातून निकष काढू. अपडेट करण्याजोगं होतं ते यासाठी की दोष नेमका होता, तो आपल्याच भागात होता, आणि उपाय बायोसमधूनच येणार होता. या तीनही गोष्टी जुळत असतील तर टाळाटाळ करू नये. एकही जुळत नसेल, तर दुकानदाराचा सल्ला मानावा.

नवा प्रोसेसर बसवणं हे या निकषात बसणारं सगळ्यात नेहमीचं कारण. आपल्याकडे एएमडीच्या बी ४५० चिपसेटचे बोर्ड खूप खपले. २०१८ साली त्यावर राइझन ५ २६०० घेतलेल्या माणसाला आज बोर्ड न बदलता राइझन ५ ५६०० बसवता येतो आणि वेग चांगलाच वाढतो. पण ५६०० हा प्रोसेसर २०२२चा आहे. २०१८चा बायोस त्याला ओळखत नाही. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर बसवला की पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. म्हणून क्रम पाळायचा: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा, संगणक एकदा सुरू करून खात्री करायची, आणि त्यानंतरच प्रोसेसर काढायचा. नवा हातात पडण्याआधी जुना विकून टाकलेल्या मंडळींची यात फजिती होते. कंपनीच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकासमोर किमान कोणता बायोस लागतो ते लिहिलेलं असतं. नवा प्रोसेसर मागवण्याआधी ती यादी पाहावी.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. २०२३च्या डिसेंबरात ‘लोगोफेल’ नावाने दोषांचा एक गट उघड झाला. सुरू होताना पडद्यावर दिसणारं कंपनीचं बोधचिन्ह वाचणाऱ्या बायोसमधल्या भागात तो होता. तिथे मुद्दाम बिघडवलेलं चित्र ठेवून विंडोजच्याही आधी घुसखोरी करता येत होती. तुमच्या मॉडेलच्या पानावर अशा दोषाची दुरुस्ती आलेली दिसली तर ती करावी, पण त्यासाठी रात्री बाराला उठून बसायची गरज नाही. सोयीचा दिवस पाहून करावी. लॅपटॉपमध्ये अशा दुरुस्त्या बरेचदा विंडोज अपडेटबरोबर आपोआपच येतात.

वेग वाढेल म्हणून बायोस अपडेट करू नये. तसा तो वाढत नाही, आणि वाढलाच तर आपल्या लक्षात यावा इतका नसतो. शिवाय नवं ते चांगलं असंही दर वेळी नसतं. २०१८च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे दोष जाहीर झाले, तेव्हा घाईघाईने मायक्रोकोड आले, आणि त्यामुळे हॅसवेल आणि ब्रॉडवेल या पिढ्यांचे संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागले. २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच ते वाटप थांबवायला सांगितलं. त्यामुळे कंपनीने ‘बीटा’ म्हणून ठेवलेला बायोस घेऊ नये आणि पक्क्या बायोसलाही पंधरा दिवस जुना होऊ द्यावं, असं माझं मत. अपवाद फक्त तो दोष तुम्हाला आत्ता छळत असेल तर.

आपल्याकडे कोणता बायोस आहे ते पाहायला वेळ लागत नाही. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत हे लिहायचं:

```
msinfo32
```

समोर येणाऱ्या यादीत BIOS Version/Date ही ओळ आवृत्ती सांगते आणि BaseBoard Product ही ओळ बोर्डाचं नाव. मग कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्याच मॉडेलच्या पानावर जाऊन आपल्या नंतरच्या सगळ्या आवृत्त्यांच्या टिपा वाचायच्या. काही टिपांत नुसतं ‘स्थैर्य सुधारलं’ असं मोघम लिहिलेलं असतं. तेवढ्यावर अपडेट करायला जाऊ नये. आपली तक्रार, आपला प्रोसेसर किंवा सुरक्षेचा एखादा दोष नाव घेऊन लिहिलेला असेल तर पुढे जायचं.

आता वीज जाण्याच्या धोक्याकडे वळू. त्यासाठी चिपमध्ये नेमकं काय घडतं ते पाहायला हवं.

बोर्डावर आठ पायांची, करंगळीच्या नखाएवढी एक चिप असते. तिच्यावर २५क्यू१२८ असं काहीतरी छापलेलं दिसलं तर तिची क्षमता १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. या जातीच्या चिपमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. पाटीसारखं आधी पुसायचं, मग लिहायचं. पुसणं ६४ किलोबाइटच्या मोठ्या ठोकळ्यांनी होतं आणि लिहिणं २५६ बाइटच्या छोट्या तुकड्यांनी. १६ मेगाबाइटमध्ये असे २५६ ठोकळे बसतात. एक ठोकळा पुसायला साधारण ०.१५ सेकंद धरला तर सगळं पुसायला जवळपास ४० सेकंद लागतात. लिहायचे तुकडे ६५,५३६. प्रत्येकाला अर्धा मिलिसेकंद धरला तरी अर्ध्या मिनिटाहून जास्त. त्यानंतर सगळं पुन्हा वाचून पडताळायचं. चिप जुनी असेल तर ती सावकाश पुसते. हे सगळं धरून पडद्यावरची पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जायला दोन ते पाच मिनिटं लागतात.

या दोन-पाच मिनिटांत प्रत्येक क्षण सारखाच धोक्याचा नसतो. पेन ड्राइव्हवरची फाइल वाचून ती याच बोर्डाची आहे का हे तपासलं जात असताना वीज गेली तर काहीच बिघडत नाही, कारण चिपला अजून हातच लागलेला नसतो. पडताळणी चालू असताना गेली तरी बहुधा निभावतं, कारण लिहून झालेलं असतं. घातक काळ तो मधला. काही ठोकळे कोरे झालेले, काहींत नवा मजकूर, काहींत जुना. त्यातही कोणता ठोकळा अर्धवट राहिला यावर बरंच अवलंबून असतं. सुरू झाल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी चिपच्या एका ठरलेल्या जागेवरची सूचना वाचतो. ती जागा आणि तिच्या आसपासचा भाग, म्हणजे बूट ब्लॉक, शाबूत असेल तर बोर्डाला निदान पेन ड्राइव्हवरून फाइल शोधून पुन्हा लिहिण्याइतकी शुद्ध राहते. तोच भाग कोरा झाला असेल तर प्रोसेसरला पहिलं पाऊलही टाकता येत नाही.

अशा वेळी चिप जळत नाही. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांनाही काही होत नाही. चिपमधला मजकूर तेवढा अर्धा राहतो. बोर्ड ‘गेला’ असं दुकानात म्हणतात ते या अर्थाने, आणि म्हणूनच असा बोर्ड पुष्कळदा परत जिवंत करता येतो.

वीज किती वेळ जायला हवी? डोळ्याची पापणी लवते तेवढाही वेळ पुरे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये साठलेली वीज पूर्ण भार असताना साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरते. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे सप्लायची साठवण एका आवर्तनाइतकीही नाही. अपडेट करताना भार कमी असतो, त्यामुळे थोडी सवलत मिळते, पण दिवा लुकलुकून परत आला तेवढ्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू झालेला आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. घरातल्या इन्व्हर्टरवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बऱ्याच इन्व्हर्टरांना मागे किंवा पुढे एक खटका असतो. साध्या स्थितीत वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्यांना काही दशक मिलिसेकंद लागू शकतात. पंख्याला किंवा दिव्याला त्याचं काही वाटत नाही, संगणक मात्र बंद पडतो. खटका यूपीएस स्थितीत असेल तर बदल साधारण दहा-पंधरा मिलिसेकंदांत होतो आणि संगणक तग धरतो.

त्याहून बरा मार्ग वेगळ्या यूपीएसचा. अपडेट चालू असताना साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॉट घेतात. त्यांना ६०० व्हीएचा यूपीएस दहा मिनिटं सहज सांभाळतो. मात्र त्याची बॅटरी धड हवी, आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. आतली सात अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. हिरवा दिवा लागलेला असतो, वीज गेली की एकदा ‘टीं’ करून यूपीएस संगणकासकट बंद. म्हणून अपडेटच्या आधी परीक्षा घ्यायची. सगळं काम जतन करून बंद करायचं, संगणक चालू ठेवायचा, आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करून दहा मिनिटं थांबायचं. या परीक्षेत संगणक बंद पडला तर काही बिघडत नाही. नंतर पडला तर बिघडतं. परीक्षा पार पडली की बॅटरी पुन्हा भरायला काही तास द्यायचे आणि मग कामाला लागायचं.

वेळही निवडावी. एप्रिल-मेमधली वळिवाची संध्याकाळ आणि पावसाळ्यातली वाऱ्याची रात्र या कामाच्या नव्हेत. महावितरणची देखभालीची कामं अनेक भागांत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी निघतात. पुण्यातल्या बऱ्याच भागांत गुरुवार हा त्यासाठी प्रसिद्ध आहे. वीजजोडणीला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर नियोजित बंदचा संदेशही येतो. दोन तास आधी वीज एकदा येऊन-जाऊन झाली असेल, तर त्या दिवशी हा उद्योग करू नये.

लॅपटॉपला ही चिंता कमी, कारण त्याचा यूपीएस त्याच्या पोटातच असतो. बॅटरी पुरेशी भरलेली नसेल किंवा चार्जर लावलेला नसेल तर बहुतेक लॅपटॉप बायोस अपडेट सुरूच करत नाहीत, आणि ही अडवणूक योग्यच आहे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मरतुकडी झालेली असते, चार्जर काढताच तो बंद पडतो. अशा लॅपटॉपचा बायोस सक्तीने अपडेट करायच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्या वापरू नयेत. आधी बॅटरी बदलावी.

प्रत्यक्ष कृतीत फार काही नाही, पण दोन जागी लोक अडकतात. फाइल आपल्याच मॉडेलची हवी. काही बोर्डांची त्याच नावाची पहिली आणि दुसरी आवृत्ती असते, ती बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली असते, आणि दोघींचे बायोस वेगळे असतात. फाइल एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवून अपडेट बायोसच्या आतल्या साधनातूनच करावं. विंडोज चालू असताना करायची सोय असते, पण तिथे मधेच दुसरा एखादा प्रोग्राम अडकला किंवा निळा पडदा आला तर परिणाम वीज गेल्यासारखाच होतो. सुरू करण्याआधी बायोसच्या सध्याच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढावेत, कारण अपडेटनंतर त्या बहुधा मूळ जागी जातात. मेमरीचा एक्सएमपी वेग गेला तर संगणक थोडा मंद होईल, इतकंच. डिस्कची पद्धत रेडवरून एएचसीआयवर गेली तर विंडोज उघडणारच नाही, आणि लोक त्याला अपडेट बिघडलं असं समजतात.

पहिली अडकायची जागा बिटलॉकर. विंडोज ११ अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची किल्ली टीपीएम नावाच्या भागात ठेवतं. बायोस बदलला की टीपीएमला हा संगणक अनोळखी वाटू शकतो. एएमडीच्या काही बोर्डांवर तर तो भाग पुसलाही जातो. मग विंडोज ४८ आकडी किल्ली मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर सगळे फोटो आणि हिशेब कुलपाआडच राहतात. हा धोका वीज जाण्याइतकाच खरा आहे आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही. अपडेटच्या आधी ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत कुलूप तात्पुरतं सैल करावं:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

काम झाल्यावर ते परत लावायचं:

```
manage-bde -protectors -enable C:
```

दुसरी जागा अपडेटनंतरची. पट्टी शंभरावर जाते, संगणक बंद होऊन सुरू होतो, आणि पडदा काळा. डीडीआर ५ मेमरीच्या बोर्डांवर नवा बायोस पहिल्यांदा मेमरीची जुळणी करतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. पंखे फिरतात, कधी थांबतात, परत फिरतात. या वेळी घाबरून बटण दाबून धरणं चुकीचं. काही संगणक याच वेळी बोर्डावरच्या किंवा लॅपटॉपमधल्या इतर छोट्या चिपचे मजकूरही बदलत असतात. दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही.

एवढं सांभाळूनही वीज गेलीच तर? ती परत आल्यावर संगणक सुरू करून पाहायचा. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबलं तरी दिवा लागत नाही, किंवा काही सेकंदांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचं चक्र चालू राहतं, तर मजकूर अर्धवट राहिला असं समजायचं. अनेक जण बोर्डावरचा गोल सेल काढून पाहतात. त्याने सेटिंग जातात, प्रोग्राम परत येत नाही, कारण तो त्या सेलवर टिकलेलाच नसतो.

आता बोर्ड कोणता घेतला होता यावर सगळं ठरतं. बऱ्याच नव्या बोर्डांच्या मागच्या बाजूला, यूएसबीच्या जागांजवळ एक छोटं बटण असतं. असूसमध्ये त्याला बायोस फ्लॅशबॅक, एमएसआयमध्ये फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश प्लस म्हणतात. त्यामागे एक स्वतंत्र छोटी चिप असते. तिला प्रोसेसरची गरज नसते, नुसत्या पॉवर सप्लायवर ती पेन ड्राइव्हवरची फाइल वाचून बायोसच्या चिपमध्ये लिहिते. फाइलचं नाव मात्र कंपनीने सांगितलेलंच द्यावं लागतं, जसं एमएसआयसाठी MSI.ROM. पेन ड्राइव्ह ठरलेल्याच जागी लावायचा, बटण दाबायचं, दिवा लुकलुकतो, थांबला की झालं. यातही वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून करता येतं, कितीही वेळा. असा बोर्ड असेल तर वीज जाण्याची भीती जवळपास उरत नाही, आणि नवा बोर्ड घेताना मी दोन दिखाऊ दिव्यांपेक्षा या बटणाला जास्त पैसे देईन. गिगाबाइटच्या काही बोर्डांवर बायोसच्या दोन चिप असतात, एक बिघडली तर दुसरी कामाला येते. लॅपटॉपमध्येही परतीची सोय असू शकते. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज आणि बी, डेलच्या अनेकांवर कंट्रोल आणि एस्केप ही बटणं धरून चालू केल्यावर ती सुरू होते.

यातलं काहीच नसेल तर दुकान. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कोणत्याही मोठ्या गावातल्या चिप पातळीवर काम करणाऱ्या कारागिराकडे प्रोग्रामर नावाचं छोटं यंत्र असतं. चिपच्या आठ पायांना चिमटा लावून किंवा चिप उतरवून तो त्यात थेट मजकूर लिहितो. सगळ्यात प्रचलित प्रोग्रामर काही शे रुपयांना मिळतो, त्यामुळे घरी करून पाहायचा मोह होतो. पण काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८च्या, आणि चुकीचं व्होल्टेज दिलं की तोवर धडधाकट असलेली चिप खरोखरच जळते.

लॅपटॉप दुकानात देताना कारागिराला एक गोष्ट आवर्जून सांगा: काही लिहिण्याआधी चिपमध्ये जे उरलंय ते वाचून त्याची प्रत जपून ठेवा. विंडोज ८च्या काळापासून लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची किल्ली बायोसच्या चिपमध्येच असते, आणि यंत्राचा अनुक्रमांकही तिथेच. दुसऱ्या लॅपटॉपचा तयार मजकूर सरसकट ओतला तर यंत्र सुरू होतं, पण तुमचं विकत घेतलेलं विंडोज त्याला ओळखत नाही.